रेषा सरळ आहे, पण पायऱ्यांचं काय? ‘युलिसिस’च्या शब्दगणनेचं एक प्रकरण

जेम्स जॉइसची ‘युलिसिस’ ही कादंबरी १९२२ साली प्रसिद्ध झाली. १९३७ मध्ये मायल्स हॅनली यांनी तिची शब्दसूची छापली. कादंबरीतला प्रत्येक शब्द त्यात होता आणि तो किती वेळा आला हेही होतं. एकूण शब्द २,६०,४३० आणि त्यांतले वेगवेगळे शब्द २९,८९९. हार्वर्डमधले भाषाभ्यासक जॉर्ज किंग्सली झिफ यांच्या हाती आयती सामग्री आली. त्यांनी १९४९ च्या आपल्या पुस्तकात तिचा तक्ता आणि आलेख दिला, आणि शब्दांच्या वारंवारितेबद्दल बोलताना आजही बहुधा त्याच आलेखाकडे बोट दाखवलं जातं. नियम झिफ यांच्या नावाने ओळखला जात असला तरी निरीक्षण त्यांच्याही आधीचं आहे. लघुलेखनावर काम करणाऱ्या एस्तूप या फ्रेंच गृहस्थांना ते १९१६ मध्येच दिसलं होतं.

कृती सोपी आहे. सगळे शब्द वारंवारितेनुसार उतरत्या क्रमाने लावायचे. सर्वांत जास्त वेळा आलेल्या शब्दाला क्रम १, त्याखालच्याला २, असं शेवटपर्यंत जायचं. मग आडव्या अक्षावर क्रमाचा लॉग आणि उभ्या अक्षावर वारंवारितेचा लॉग घेऊन बिंदू मांडायचे. ठिपके खाली झुकणाऱ्या सरळ रेषेवर बसतात, आणि दोन्ही अक्षांची मापं सारखी असली तर ती रेषा साधारण ४५ अंशांत उतरते. उतार उणे १ म्हणजे वारंवारिता क्रमाच्या व्यस्त प्रमाणात:

```
f = C / r
```

इथे `r` हा क्रम, `f` ही वारंवारिता आणि `C` हा स्थिरांक. दुसऱ्या शब्दांत, क्रम आणि वारंवारिता यांचा गुणाकार सगळीकडे जवळपास सारखा यायला हवा. झिफ यांच्या तक्त्यातल्या काही ओळी घेऊन ते पाहू.

| क्रम | वारंवारिता | गुणाकार |
|---|---|---|
| १० | २,६५३ | २६,५३० |
| ४० | ७१७ | २८,६८० |
| १०० | २६५ | २६,५०० |
| ५०० | ५० | २५,००० |
| १,००० | २६ | २६,००० |
| ३,००० | ८ | २४,००० |
| ५,००० | ५ | २५,००० |
| १०,००० | २ | २०,००० |
| २०,००० | १ | २०,००० |
| २९,८९९ | १ | २९,८९९ |

दहाव्या क्रमाला २,६५३, शंभराव्याला २६५ आणि हजाराव्याला २६. हे आकडे कोणी मुद्दाम रचल्यासारखे वाटतात, पण ते एका कादंबरीतले शब्द मोजून आलेले आहेत. १० ते १०० या टप्प्यात उतार १.०० आणि १०० ते १,००० मध्ये १.०१. (उतार उणेच असतो, पण इथून पुढे मी चिन्ह सोडून बोलतो.) इथवर पाहून बहुतेक जण पट्टी लावतात, रेघ ओढतात आणि वही मिटतात.

माझ्या मते हे प्रकरण रंगतं ते तक्त्याच्या खालच्या तीन ओळींपाशी. गुणाकार २५,००० वरून २०,००० वर घसरतो, तिथेच थांबतो आणि शेवटच्या ओळीत एकदम ३०,००० च्या घरात जातो. आलेखात मात्र यातलं फारसं काही डोळ्यांत भरत नाही. याचं कारण लॉग अक्षाचा उदारपणा. समजा १५ सेंटीमीटर उंचीत साडेचार दशपटी बसवल्या. म्हणजे एका दशपटीच्या वाट्याला सुमारे ३.३ सेंटीमीटर आले. मग २८,६८० आणि २४,००० यांतला फरक, जो वीस टक्क्यांच्या आसपास आहे, तो कागदावर अडीच मिलिमीटर होतो. एखादा ठिपका अपेक्षेच्या निम्म्यावर आला तरी रेषेपासून एक सेंटीमीटरच ढळेल. त्यामुळे ‘लॉग-लॉग आलेखावर सरळ दिसतं’ हे विधान खरं असलं तरी स्वस्त आहे. डोळ्यापेक्षा गुणाकाराचा स्तंभ जास्त कडक परीक्षक आहे.

गुणाकार का डळमळतो ते पाहायला शेपटाकडे, म्हणजे क्वचित येणाऱ्या शब्दांकडे जावं लागतं. झिफ यांच्या नंतर, १९५५ मध्ये, हर्बर्ट सायमन यांनी याच कादंबरीचे आकडे वेगळ्या बाजूने वापरले. अमुक वेळा आलेले शब्द किती, असा त्यांचा प्रश्न होता. एकदाच आलेले शब्द १६,४३२. दोनदा आलेले ४,७७६, तीनदा २,१९४, चारदा १,२८५, पाचदा ९०६, सहादा ६३७, सातदा ४८३, आठदा ३७१, नऊदा २९८ आणि दहादा २२२.

पहिला आकडा पुन्हा वाचा. कादंबरीतल्या वेगवेगळ्या शब्दांपैकी ५५ टक्के शब्द एकदाच आलेत. त्या १६,४३२ शब्दांना क्रम कसा द्यायचा? वारंवारिता सगळ्यांची एकच. कोणाला १३,४६८ वा म्हणायचं आणि कोणाला २९,८९९ वा, हे बहुतेक वेळा वर्णानुक्रमावर किंवा संगणकाने ज्या क्रमाने शब्द उचलले त्यावर ठरतं. आलेखात ते सगळे मिळून एक आडवी, सपाट पायरी होते. तिच्यावर दोनदा आलेल्यांची पायरी, तिच्यावर तीनदावाल्यांची, आणि वर जावं तशा पायऱ्या आखूड होत रेषेत मिसळून जातात. डाव्या-वरच्या बाजूला जी रेषा दिसते ती उजव्या-खालच्या बाजूला जिना असते.

एकदा जिना म्हटलं की प्रश्न पडतो: पायरीवरच्या कोणत्या जागेचा क्रम खरा मानायचा? वारंवारिता २ ची पायरी ८,६९२ व्या क्रमापासून १३,४६७ व्या क्रमापर्यंत पसरली आहे. तक्त्यात क्रम १०,००० निवडला गेला तो गोल आकडा म्हणून. तो पायरीच्या मध्ये कुठेतरी पडतो. आता क्रम १,००० पासून या पायरीपर्यंतचा उतार काढा. डाव्या टोकाला धरलं तर १.१९ येतो, १०,००० ला धरलं तर १.११ आणि उजव्या टोकाला धरलं तर ०.९९. शब्द तेच आणि मोजणीही तीच. फरक पडला तो आपण पायरीवर कुठे उभे राहिलो त्याने. ‘शेपटाकडे रेषा जास्त वेगाने खाली वळते’ अशा धर्तीचे निष्कर्ष वाचताना आधी हे विचारावं की लेखकाने बरोबरीत सुटलेल्या शब्दांचं काय केलं.

उजवं टोक निवडायला सबळ कारण आहे. पायरीच्या उजव्या टोकाचा क्रम म्हणजे ‘निदान इतक्या वेळा आलेले शब्द एकूण किती’ याचं उत्तर. ते उत्तर वर्णानुक्रमावर अवलंबून नाही, कोणीही मोजलं तरी तेच येतं. निदान दोनदा आलेले शब्द १३,४६७ आहेत, ही कादंबरीबद्दलची वस्तुस्थिती झाली. दहा हजारावा शब्द कोणता, ही सूचीकाराची मर्जी. सायमन यांचे आकडे खालून वजा करत गेलो की ही टोकं मिळतात:

| वारंवारिता | उजव्या टोकाचा क्रम | गुणाकार |
|---|---|---|
| १० | २,५१७ | २५,१७० |
| ८ | ३,१८६ | २५,४८८ |
| ६ | ४,३०६ | २५,८३६ |
| ५ | ५,२१२ | २६,०६० |
| ४ | ६,४९७ | २५,९८८ |
| ३ | ८,६९१ | २६,०७३ |
| २ | १३,४६७ | २६,९३४ |
| १ | २९,८९९ | २९,८९९ |

वरच्या तक्त्यातली २०,००० ची घसरण कुठे गेली? ती कादंबरीत नव्हतीच, गोल आकडे निवडल्यामुळे आली होती. दहा वेळा आलेल्यांपासून तीनदा आलेल्यांपर्यंत गुणाकार पंचवीस ते सव्वीस हजारांच्या आसपास राहतो, आणि हजाराव्या क्रमाचा २६,००० ही त्याला जुळून येतो. खरा ढळ उरतो तो शेवटच्या दोन ओळींत: एकदाच आलेले शब्द साध्या नियमाच्या अपेक्षेपेक्षा जास्त आहेत. `C` २६,००० धरला तर निदान एकदा आलेले शब्दही २६,००० च असायला हवेत, आणि आहेत जवळपास चार हजारांनी जास्त. म्हणजे शेपूट असलंच तर रेषेच्या किंचित वर आहे, खाली नाही. पहिला तक्ता पाहून कोणीही उलटंच सांगितलं असतं.

हे स्वतःच्या मजकुरावर करून पाहायचं असेल तर क्रमांची लांबलचक यादी बनवायची गरजच नाही. `words` मध्ये मजकुरातले शब्द ओळीने आहेत असं धरा:

```python
from collections import Counter
ganana = Counter(words)
kiti = Counter(ganana.values())
kram = 0
for f in sorted(kiti, reverse=True):
    kram += kiti[f]
    print(f, kram, f * kram)
```

`kiti` मध्ये प्रत्येक वारंवारितेचे शब्द किती ते साठतं, आणि `kram` हे पायरीचं उजवं टोक. आलेख काढायचा तो `kram` आणि `f` यांचा. हजारो एकमेकांवर चढलेल्या ठिपक्यांऐवजी प्रत्येक पायरीला एक ठिपका मिळतो.

शब्द म्हणजे काय हे मात्र आधी ठरवावं लागतं. हॅनलींच्या सूचीत एकाच क्रियापदाची वेगवेगळी रूपं वेगळे शब्द म्हणून मोजली आहेत. मराठी मजकुरावर तोच न्याय लावला तर घर, घरात, घरातून, घरासमोरच्या हे सगळे सुटे शब्द होतील आणि एकदाच आलेल्यांची पायरी आणखी रुंद होईल. मूळ रूपाला आणून मोजलं तर ती आखूड होईल. दोन्ही पद्धती चालतात, फक्त एका पद्धतीची रेषा दुसरीच्या रेषेशी ताडून भाषांबद्दल बोलू नये.

आता माथ्याकडे. झिफ यांचा तक्ता क्रम १० पासून सुरू होतो, त्यामुळे पहिल्या नऊ शब्दांचं काय ते त्यात दिसत नाही. पण एकूण बेरीज माहीत असल्यामुळे ते काढता येतं. सगळे शब्द `C = 26000` च्या रेषेवर तंतोतंत असते तर २९,८९९ शब्दांची मिळून बेरीज सुमारे २,८३,००० झाली असती. प्रत्यक्षात ती २,६०,४३० आहे. साडेबावीस हजारांचा हा खड्डा कुठला?

थोडा जिन्याचा. ठिपके उजव्या टोकालाच रेषेवर असतात, बाकी सगळी पायरी रेषेच्या खाली राहते. नऊदा किंवा त्याहून कमी वेळा आलेल्या शब्दांची खरी बेरीज ५५,०८९ आहे, रेषेनुसार ती ६४,३०० च्या आसपास आली असती. सुमारे नऊ हजार तिथे गेले. मधल्या भागात, क्रम १० ते २,५१७, तक्ता कधी रेषेच्या वर तर कधी खाली आहे आणि गोळाबेरीज जमते. उरलेले तेरा हजार मग पहिल्या नऊ शब्दांच्याच खाती जातात. रेषेनुसार त्या नऊ जणांचे मिळून साडेत्र्याहत्तर हजार व्हायला हवे होते, प्रत्यक्षात साठ हजारांच्या आसपास भरतात.

हे इंग्रजीच्या एकंदर सवयीशी जुळतं. रेषा म्हणते की पहिल्या क्रमाचा शब्द २६,००० वेळा, म्हणजे मजकुराच्या दहा टक्के यावा. इंग्रजी गद्यात पहिल्या क्रमावर असतं ते ‘द’ हे उपपद, आणि ते सहा-सात टक्क्यांवर थांबतं. ब्राउन या दहा लाख शब्दांच्या इंग्रजी मजकूर-संग्रहात त्याची नोंद ६९,९७१ आहे, म्हणजे सात टक्के. माथ्याला रेषा अशी चपटी होते, आणि त्यासाठी बेन्वा मँडेलब्रो यांनी १९५० च्या दशकात क्रमात एक छोटी भर घातली:

```
f = C / (r + b)^a
```

`b` मोठ्या क्रमांना जाणवत नाही, पहिल्या पाच-दहांनाच जाणवतो. आपल्या प्रकरणात `a` १ ठेवून `b` साधारण ०.५ घेतला तर पहिल्या नऊंची बेरीज ५९,००० होते आणि पहिला शब्द १७,३०० च्या आसपास येतो, म्हणजे मजकुराच्या ६.७ टक्के. हे हिशेबाने काढलेलं आहे, मोजलेलं नाही. पण दोन वेगळ्या वाटांनी एकाच जागी पोचलो, एवढं समाधान नक्की.

मग प्रश्न उतार नेमका किती, हा. सर्रास वापरली जाते ती लघुतम वर्ग पद्धत: सगळे २९,८९९ ठिपके घ्या, लॉग काढा, सर्वांत जवळून जाणारी रेषा बसवा. या पद्धतीवर टीका होते ती वजनाच्या वाटपावरून. एकदाच आलेले शब्द आडव्या अक्षाच्या शेवटच्या ८ टक्के लांबीत दाटीवाटीने बसलेत, पण ठिपक्यांत त्यांचा वाटा ५५ टक्के आहे. दहापेक्षा कमी वेळा आलेले सगळे धरले तर वाटा ९२ टक्क्यांवर जातो. माथ्यापासून हजाराव्या क्रमापर्यंत, जिथे वारंवारिता भरवशाची आहे, तिथे अक्षाच्या दोन-तृतीयांश लांबीत जेमतेम ३.३ टक्के ठिपके. एवढं वाचून वाटावं की उतार पार बिघडणार. मी पायऱ्यांवरून हिशेब केला तेव्हा या मजकुरासाठी तो सुमारे १.०२ आला. बिघडला नाही, कारण जिन्याच्या पायऱ्या एकाच रेषेला सांभाळून उतरतात.

तेव्हा या पद्धतीचा दोष उताराच्या आकड्यात शोधण्यापेक्षा तिच्याबरोबर येणाऱ्या खात्रीत शोधावा. लघुतम वर्ग पद्धत असं धरून चालते की प्रत्येक ठिपका स्वतंत्र साक्षीदार आहे. इथे १६,४३२ साक्षीदार एकच वाक्य बोलताहेत. शिवाय क्रम वारंवारितेवरूनच लावलेला, त्यामुळे ठिपके खाली उतरणारच, वर जायची मुभाच नाही. अशा मांडणीत सहसंबंधाचा वर्ग ०.९८ आला की ०.९९ आला, याने फार काही सिद्ध होत नाही. ज्या उताराला दशांशाच्या चौथ्या स्थानापर्यंत अचूकता लावलेली दिसते, तिथे ही गडबड हमखास असते.

यावर एक चांगला उपाय स्टीव्हन पियांताडोसी यांनी २०१४ मध्ये मांडला. मजकुरातला प्रत्येक शब्द नाणेफेकीने दोन गठ्ठ्यांपैकी एकात टाकायचा. क्रम पहिल्या गठ्ठ्यावरून लावायचा आणि वारंवारिता दुसऱ्यातून घ्यायची. आता दोन्ही अक्षांवरच्या चुका एकमेकींना झाकत नाहीत. एका गठ्ठ्यात दोनदा आलेला शब्द दुसऱ्यात शून्य वेळाही येऊ शकतो, आणि शेपटातल्या पायऱ्या विस्कटून ठिपक्यांचा खरा पसारा दिसतो. मधला भाग मात्र जवळपास जागचा हलत नाही, आणि तिथली रेषा ही मोजणीच्या पद्धतीची करामत नव्हती हे त्यातून कळतं.

तरीही १.०२ हा उतार इंग्रजीबद्दल किंवा जॉइसबद्दल काही सांगतो का? १९५७ मध्ये जॉर्ज मिलर यांनी या अपेक्षेला चांगलाच धक्का दिला. समजा माकडं टंकलेखन यंत्र बडवताहेत, कळा सव्वीस अक्षरांच्या आणि एक मोकळ्या जागेची, आणि सगळ्या सारख्याच शक्यतेने दाबल्या जातात. दोन मोकळ्या जागांमधलं जे काही असेल तो शब्द. एक अक्षर वाढलं की शक्य शब्द २६ पट होतात आणि प्रत्येकाची शक्यता २७ पटीने घटते. म्हणून उतार log 27 भागिले log 26, म्हणजे १.०१. ‘युलिसिस’च्या १०० ते १,००० या टप्प्यातला उतारही १.०१ च होता!

दोन्ही आलेख वेगळे ओळखायचे तर उतार उपयोगाचा नाही, पायऱ्या कुठे आहेत ते पाहावं लागतं. माकडांच्या मजकुरात एकाक्षरी सव्वीस शब्दांची शक्यता सारखीच, म्हणून आलेखाच्या अगदी माथ्याला २६ क्रमांची पायरी पडते, तिच्याखाली ६७६ क्रमांची, तिच्याखाली १७,५७६ ची. रेषा आहे ती या पायऱ्यांच्या टोकांना जोडणारी. ‘युलिसिस’मध्ये अशी पायरी माथ्याला नाही: दहाव्या क्रमापासून चाळिसाव्यापर्यंत जाताना वारंवारिता २,६५३ वरून ७१७ वर येते. तिथल्या पायऱ्या फक्त तळाशी आहेत, आणि त्या पडल्या त्या शब्दांच्या मोजणीत दीड किंवा अडीच असं काही नसतं म्हणून.